पॅन्ट मागून ओढते तेव्हा

कंबर बरोबर, सीटचं मापही पुरेसं, तरी खुर्चीत बसलं की पॅन्टचा मागचा पट्टा खाली घसरतो. उभं राहिलं की दोन पायांच्या मधून नितंबांकडे तिरप्या रेघा चढतात. अशी पॅन्ट दुरुस्तीला दिली तर बहुतेकदा बाजूच्या शिवणी उसवून माया सोडली जाते. त्याने पॅन्ट सैल होते, पण ओढ जात नाही. कारण इथे रुंदी कमी नसते, आसन आखूड असतं.

आसन म्हणजे पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत जाणारी गोलाईची शिवण. कापडावरची रेघ नेहमी जिथे अडतं त्या जागेकडे बोट दाखवते. सीटवर आडव्या ताणलेल्या रेघा असतील तर रुंदी कमी आहे. रेघा पायांमधल्या सांध्यातून निघून वर पसरत असतील तर मागचं आसन आखूड आहे. नितंबांखाली चिमटीत सहज येणाऱ्या सैल चुण्या असतील तर तिथे कापड जास्त झालंय, आणि त्यावरचा उपाय अगदी उलटा आहे. म्हणून कात्री उचलण्याआधी चिमटीने बघावं, कापड ताठ आहे की ढिलं.

माझ्या बहिणीच्या पॅन्टचं उदाहरण घेते. कमरेला नाडी बांधून, टेप पायांमधून नेऊन माप घेतलं. सांध्यापासून पुढे ३० सेंमी भरलं, मागे ३९. मग कागदी पॅटर्नवर टेप कडेवर उभी धरून शिलाईच्या रेषेने गोलाई मोजली: पुढे ३०.५, मागे फक्त ३६. पुढचा भाग ठीक होता. मागे ३ सेंमी कमी होते, आणि तो फरक कितीही रुंदी वाढवली तरी भरून आला नसता.

तो दोन ठिकाणी वाटून घातला. मागच्या भागावर नितंब जिथे सर्वांत भरलेले तिथे मधल्या शिवणीपासून बाजूच्या शिवणीपर्यंत आडवी चीर दिली. बाजूच्या टोकाला कागद जेमतेम जोडलेला ठेवला आणि मधल्या शिवणीकडे चीर २ सेंमी उघडून खाली कागद चिकटवला. असं केल्याने कमरेची रुंदी आणि बाजूच्या शिवणीची लांबी बदलत नाही, फक्त मागची शिवण लांब होते आणि थोडी जास्त तिरपी होते. उरलेला १ सेंमी आसनाच्या टोकाला, म्हणजे मांडीच्या आतल्या शिवणीवर, बाहेर वाढवला आणि ती वाढ खाली साधारण २० सेंमीवर शून्याला आणली. शेवटी तुटक झालेली रेषा गोलसर जुळवली आणि मागची-पुढची आतली शिवण एकमेकींवर ठेवून लांबी ताडून पाहिली.

याचा कच्चा नमुना मांजरपाटात शिवावा. किती वाढवायचं याची शंका असेल तर जुन्या मापाचाच मांजरपाट अंगावर घालून सीटवर आडवी चीर द्यावी. कापड जितकं आपोआप उघडेल तितकी वाढ हवी.

एवढं करूनही सांध्याशी थोडी ओढ राहिली, तर गोलाई खोल करायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण कापड कापल्यावर जागा वाढते, कारण वाक जितका खोल तितकी शिवणीची वाट लांब. खाली झुकलेल्या नितंबांना याचा फार उपयोग होतो. मात्र एका वेळी अर्ध्या सेंमीहून जास्त कोरू नये आणि प्रत्येक वेळी घालून बघावं. आडवं आत कोरलं की तेवढी सीटची रुंदी जाते, आणि कापलेलं कापड परत येत नाही.

पॅटर्न अगदी बरोबर असूनही पॅन्ट ओढते, याचं एक कारण मला वारंवार दिसतं: गोलाईतली माया. तिची कड शिलाईपेक्षा आखूड असते, त्यामुळे १.५ सेंमी माया तशीच सोडली तर ती शिवणीला आत खेचून धरते. खालच्या वाकात ती सुमारे ६ मिमी ठेवून कापावी. तिथे इस्त्रीने माया उघडी पाडू नये, उभीच राहू द्यावी. या जागी कापड उरेब जातं आणि ताण खातं, म्हणून शिलाई दुहेरी घालावी. पुष्कळदा एवढ्यानेच रेघा निवळतात, म्हणून पॅटर्नला हात लावण्याआधी हे आधी करून पाहावं.

तयार पॅन्टमध्ये मात्र हात बांधलेले असतात. गोलाई थोडी कोरता येते, आतल्या शिवणीत माया असेल तर ती सोडता येते. मधली चीर उघडता येत नाही, कारण तिथे घालायला कापडच नसतं. मागच्या कमरेला शिंपी जी रुंद माया ठेवतात, ती कंबर वाढवते, खालचं आसन नाही.

आणि उभं राहिल्यावर सीट अगदी सपाट दिसावी हा हट्ट धरू नये. बसताना, जिना चढताना लागणारं कापड उभं असताना नितंबांखाली थोडं जमा होणारच. ती चुणी पूर्ण काढून टाकली की मागचा पट्टा पुन्हा खाली घसरू लागतो.