नववी रेघ

कागदावर एका ओळीत तीन घरं काढा. समोर तीन चौकोन काढून त्यांवर पाणी, गॅस आणि वीज असं लिहा. आता प्रत्येक घराला तिन्ही जोडण्या द्यायच्या. रेघ कितीही वळवा, कुठूनही वळसा घालून न्या, पण एक रेघ दुसरीला छेदता कामा नये. घरातून किंवा चौकोनातून आरपारही जायचं नाही. हेन्री ड्यूडनी या इंग्रज कोडेकाराने १९१७ साली हे कोडं आपल्या पुस्तकात घेतलं, तेव्हाही ते जुनंच होतं. मला ते शाळेत बाकावरच्या सोबत्याने घातलं. वहीची कितीतरी पानं मी त्यात घालवली आणि दरवेळी तेच व्हायचं: आठ रेघा निघायच्या, नववी अडायची. घरांच्या जागा बदलल्या, वळसे बदलले, तरी अडायची ती नववीच. ड्यूडनीने स्वतः दिलेल्या उत्तरात एक नळ दुसऱ्याच्या घरातून नेला आहे. ती पळवाट झाली. माझा प्रश्न तसाच राहिला: आठच का?

त्याचं उत्तर केवळ मोजण्यात आहे. लिओनार्ड ऑयलरने १७५० साली गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात एक निरीक्षण कळवलं होतं. ते घनाकृतींबद्दल होतं, पण सपाट कागदावरच्या आकृतीलाही ते तसंच लागू पडतं. आकृतीतल्या ठिपक्यांची संख्या V, रेघांची E आणि त्या रेघांनी कागदाचे जे कप्पे पडतात त्यांची F धरू. बाहेरची मोकळी जागाही एक कप्पाच मोजायची. आकृती सलग असेल आणि रेघा एकमेकींना छेदत नसतील, तर

V − E + F = 2

हे का खरं आहे, ते पेन्सिल हातात घेतली की दिसतं. कोऱ्या कागदावर एक ठिपका द्या. ठिपका एक, रेघा शून्य, कप्पा एक, म्हणजे बेरीज-वजाबाकी दोन. आता आकृती वाढवत न्या, मात्र प्रत्येक नवी रेघ आधीच्या आकृतीला चिकटूनच निघाली पाहिजे. अशी रेघ दोनच प्रकारची असू शकते. एक तर तिच्या टोकाला नवा ठिपका येतो. मग ठिपका एकने वाढला आणि रेघही एकने, हिशोब जिथल्या तिथे. नाहीतर ती आधीचेच दोन ठिपके जोडते. तेव्हा एक वाट पूर्ण बंद होते आणि एका कप्प्याचे दोन होतात. रेघ एकने वाढली, कप्पाही एकने, हिशोब पुन्हा जिथल्या तिथे. शंभर रेघा काढल्या तरी उत्तर दोनच. आकृती सलग हवी ही अट इथेच लागते. दोन सुटे तुकडे काढले तर बाहेरचा कप्पा दोघांत एकच राहतो आणि उत्तर तीन येतं.

आता कोड्याकडे येऊ. समजा, कुणीतरी नऊच्या नऊ रेघा न छेदता काढून दाखवल्या. ठिपके सहा: तीन घरं, तीन पुरवठे. रेघा नऊ. मग सूत्राप्रमाणे कप्पे पाचच हवेत, कारण ६ − ९ + ५ = २. एकेका कप्प्याच्या कडेने चालत जा आणि वाटेत किती रेघा लागतात ते मोजा. घरापासून निघालात तर रेघ पुरवठ्यापाशी नेते आणि तिथून पुढची रेघ पुन्हा घरापाशीच नेते, कारण घर घराला किंवा पुरवठा पुरवठ्याला कुठेच जोडलेला नाही. म्हणून फेरी तीन रेघांत पुरी होऊच शकत नाही. कमीत कमी चार लागतात. पाच कप्प्यांच्या फेऱ्यांत मिळून निदान वीस रेघा मोजल्या जातील. पण प्रत्येक रेघेला दोनच बाजू असतात, म्हणून ती सगळ्या फेऱ्यांत मिळून दोनदाच मोजली जाते. नऊ रेघांच्या बाजू अठराच. वीस हव्यात आणि आहेत अठरा, तेव्हा अशी आकृती नाही.

हेच गणित आठ रेघांसाठी करून पाहा. कप्पे चार आणि लागणाऱ्या बाजू निदान सोळा. आठ रेघांच्या बाजूही सोळाच. तसूभरही शिल्लक नाही, म्हणजे प्रत्येक कप्प्याला नेमक्या चारच कडा असणार. अशा कप्प्याच्या कोपऱ्यांवर घर, पुरवठा, घर, पुरवठा असे चार ठिपके येतात आणि त्यातलं प्रत्येक घर दोन्ही पुरवठ्यांना आधीच जोडलेलं असतं. जी जोडी अजून जोडायची राहिली आहे, ती म्हणूनच कुठल्याही कप्प्यात एकत्र सापडत नाही. तुमची आठवी रेघ कुठूनही गेलेली असो, नववीची दोन टोकं वेगवेगळ्या कप्प्यांत पडलेली असतात. माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर हेच झालं होतं.

या मोजणीतून कुठल्याही सपाट आकृतीसाठी रेघांची कमाल मर्यादा निघते. ठिपके तीन किंवा जास्त असावेत आणि दोन ठिपक्यांमध्ये एकाहून जास्त रेघा नसाव्यात, एवढीच अट. मग प्रत्येक कप्प्याची फेरी निदान तीन रेघांची असते, म्हणून 3F हे 2E पेक्षा मोठं असू शकत नाही. ऑयलरच्या सूत्रातून F ची किंमत काढून यात घातली की E ≤ 3V − 6 मिळतं. पाच ठिपके सगळे एकमेकांना जोडायचे तर दहा रेघा लागतात आणि मर्यादा येते नऊ. तेही जमणार नाही, हे पेन्सिल न उचलता कळलं.

गफलत होते ती पुढे. आपल्या कोड्याला हीच मर्यादा लावली तर सहा ठिपक्यांना बारा रेघा चालतात. आपल्याला नऊच हव्यात, म्हणजे कोडं सुटेल असं वाटतं. आकृतीत त्रिकोण नाहीच हे आपल्याला ठाऊक असताना ते वापरलं नाही, म्हणून ही फसगत. त्रिकोण नसेल तर फेरी चारची धरायची, मग मर्यादा E ≤ 2V − 4 होते आणि ती बरोबर आठ सांगते.

पण कडक मर्यादाही एकाच दिशेने बोलते. तिच्याबाहेर गेलात तर आकृती निघणार नाही हे पक्कं. आत राहिलात तर निघेलच असं नाही. एका घराच्या मागे एक खोपटं काढा आणि त्या घरातूनच तिथे एक वायर न्या. आता ठिपके सात, रेघा दहा आणि मर्यादाही दहाच. परीक्षा पास. तरीही आकृती निघत नाही, कारण आतलं जुनं कोडं आहे तसंच आहे. लोंबतं खोपटं फक्त हिशोब सैल करतं. अशा वेळी एकूण संख्या सोडून आकृतीच्या आत डोकवावं लागतं. पोलिश गणितज्ज्ञ कुराटोव्स्कीने १९३० साली सिद्ध केलं की आकृती सपाट कागदावर मावत नसेल, तर तिच्या पोटात दोहोंपैकी एक हमखास सापडते: ही तीन घरं-तीन पुरवठ्यांची रचना, नाहीतर एकमेकांना जोडलेले पाच ठिपके. त्यांच्या रेघांवर मधेमधे जादा ठिपके बसलेले असतील, एवढंच.

आणि कागदाऐवजी चहाचा कप घेतला तर? कपाला कान आहे. आठ रेघा कपाच्या अंगावर अशा काढायच्या की कानाचं एक टोक उरलेल्या घराच्या कप्प्यात आणि दुसरं उरलेल्या पुरवठ्याच्या कप्प्यात येईल. कानामुळे ते दोन कप्पे एकमेकांना जोडले जातात, म्हणून चाराचे तीनच उरतात. नववी रेघ कानावरून नेली की ती आधीचेच दोन ठिपके जोडते, पण कप्प्याचे दोन तुकडे करत नाही. कप्पे तीनच राहतात. ६ − ९ + ३ म्हणजे शून्य, दोन नव्हे. तीन कप्प्यांना बाजू निदान बारा लागतात आणि आपल्याकडे अठरा आहेत. कागदावर ज्या पायरीने नववी रेघ अडवली होती तीच इथे लागू होत नाही आणि रेघ पलीकडे पोचते.