भरावाचा अहवाल: सरासरी पुरेशी का नसते?

रस्त्याच्या मातीच्या भरावाचा प्रत्येक थर रोलरने दाबल्यावर त्याची कोरडी घनता तपासतात. थरात लहान खड्डा खणून निघालेली माती तोलतात आणि खड्ड्यात ठरावीक घनतेची कोरडी वाळू ओतून त्याचे आकारमान काढतात. समजा, ओल्या मातीची घनता दर घनसेंटिमीटरला १.९८ ग्रॅम आणि ओलावा १२ टक्के आला. मग कोरडी घनता १.९८ भागिले १.१२, म्हणजे १.७७ होते. त्याच मुरुमाची प्रयोगशाळेतील कमाल कोरडी घनता १.८२ असेल, तर कॉम्पॅक्शन सुमारे ९७ टक्के ठरते.

केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांनुसार भरावाला किमान ९५ टक्के, तर फरसबंदीखालच्या सबग्रेडला ९७ टक्के कॉम्पॅक्शन लागते. मात्र स्वीकृती एका चाचणीवर ठरत नाही. साधारणपणे सहा चाचण्यांचा संच घेतात. त्याची सरासरी ९५ असून भागत नाही. निकालांत जितका विखार, तितकी ती ९५ च्या वर असावी लागते. सहा चाचण्यांसाठी ही वाढ प्रमाण विचलनाच्या ०.९८ पट असते.

उदाहरणादाखल दोन थर घेऊ. पहिल्याचे निकाल ९६, ९७, ९६, ९५, ९७, ९५. दुसऱ्याचे ९८, ९७, ९६, ९५, ९७, ९३. दोन्हींची सरासरी ९६ आहे. पहिल्याचे प्रमाण विचलन ०.८९ असल्याने किमान सरासरी ९५.९ हवी, तो थर पास होतो. दुसऱ्याचे विचलन १.७९ असल्याने ९६.८ हवी, तो नापास होतो. ९३ चा ठिपका नुसता सरासरीत विरघळवला असता, तर थरातली कमकुवत जागा झाकली गेली असती.

म्हणून सारांशाच्या तक्त्यात थराचा क्रमांक, साखळी अंतर, चाचण्यांची संख्या, किमान व कमाल निकाल, सरासरी, विचलन, आवश्यक मर्यादा आणि निर्णय शेजारी शेजारी द्यावेत. दाबतानाचा ओलावाही नोंदवावा. सामान्य मातीत तो इष्टतम ओलाव्यापेक्षा फार तर १ टक्का जास्त किंवा २ टक्के कमी चालतो.

कॉम्पॅक्शन १०५ टक्क्यांसारखे आले, तर थर उत्तम दाबला असे लगेच लिहू नये. बहुधा खाणीतला मुरूम बदललेला असतो आणि तुलना जुन्या मातीच्या कमाल घनतेशी झालेली असते. खड्ड्याच्या मापातली चूकही कारण असू शकते. अशा वेळी त्याच मातीची प्रयोगशाळेतील चाचणी पुन्हा करावी.

नापास थर ओलावा जुळवून पुन्हा दाबतात आणि फेरचाचणी घेतात. अहवालात जुना निकाल खोडू नये; मूळ निकाल, दुरुस्ती आणि फेरनिकाल तिन्ही राहिले, तरच अहवालावर भरवसा ठेवता येतो.