तीन महिन्यांनंतर मंदावणारे वजन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पहिल्या तीन महिन्यांत चांगले बाळसे धरलेल्या मुलाचे वजन चौथ्या-पाचव्या महिन्यात पूर्वीच्या वेगाने वाढेनासे झाले, की आईचे दूध पुरेनासे झाले असे घरोघरी ठरवले जाते आणि वरच्या दुधाची बाटली, भाताची पेज किंवा वरणाचे पाणी सुरू करण्याचा सल्ला लगेच पुढे येतो. बाळाच्या पहिल्या वर्षाविषयी जे गैरसमज प्रचलित आहेत, त्यांत हा सर्वांत चिवट आहे, कारण त्याचा आरंभ एका खऱ्या निरीक्षणातून होतो. वजनवाढीचा वेग खरोखरच कमी झालेला असतो, चूक असते ती त्याच्या कारणाविषयीच्या निष्कर्षात.

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन प्रथम घटते आणि ही घट जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत असू शकते. साधारण दोन आठवड्यांत ती भरून निघते आणि त्यानंतर तिसऱ्या महिन्यापर्यंत वजन दिवसाला सुमारे २५ ते ३० ग्रॅमने वाढते. तीन ते सहा महिन्यांच्या काळात हाच वेग १५ ते २० ग्रॅमवर येतो, सहाव्या महिन्यानंतर तो दहा-बारा ग्रॅमच्या आसपास राहतो आणि वर्ष पूर्ण होताना त्याहूनही खाली जातो. निरोगी, पोटभर दूध पिणाऱ्या बाळाचीही वाढ अशीच होते. पहिल्या महिन्यात बाळाला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के ऊर्जा केवळ नवे शरीर घडवण्यात खर्च होते, तर बाराव्या महिन्यात हे प्रमाण सुमारे तीन टक्क्यांवर येते. त्यामुळे पहिल्या महिन्यानंतर आईचे दूध दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिलिलिटरच्या आसपासच राहिले, तरी वजन दीडपट-दुप्पट झालेल्या बाळाला तेवढे दूध सहा महिन्यांपर्यंत पुरते. पहिल्या तिमाहीचा वेग जर वर्षभर टिकला असता, तर तीन किलोचे बाळ वाढदिवसाला तेरा किलोंच्या पुढे गेले असते. असे मूल कोणालाच अपेक्षित नसते, तरीही दर महिन्याला तोच वेग अपेक्षिला जातो.

या गैरसमजाला काही काळ विज्ञानाचाही हातभार लागला, हे मान्य केले पाहिजे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जगभर वापरला गेलेला वाढीचा तक्ता मूळचा अमेरिकन होता आणि त्यातील तान्ह्या मुलांची मोजमापे ओहायो राज्यातील एका दीर्घकालीन अभ्यासातून घेतलेली होती. त्या अभ्यासातील बहुसंख्य मुले डब्याच्या दुधावर वाढलेली असल्याने केवळ आईच्या दुधावरील सुदृढ मूलही त्या तक्त्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर मागे पडल्यासारखे दिसे. हा दोष दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घेतली. त्यांच्या माता धूम्रपान न करणाऱ्या होत्या, मुलांना स्तनपान मिळत होते आणि वाढीला बाधक ठरेल अशी परिस्थिती घरात नव्हती. त्यावर आधारित मानके २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अंगणवाडीत मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावरील आलेख याच मानकांवर बेतलेला आहे. हा तक्ता परदेशी असल्याने आपल्या मुलांना लागू पडत नाही, हा युक्तिवादही अनेकदा ऐकू येतो. परंतु त्या सहा ठिकाणांपैकी एक दक्षिण दिल्ली होते, आणि मुलांच्या उंचीतील एकूण तफावतीपैकी केवळ तीन टक्क्यांच्या आसपास तफावत ठिकाणांमधील फरकामुळे, तर सुमारे ७० टक्के तफावत एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधील फरकामुळे असल्याचे त्या अभ्यासात आढळले.

तक्ता वाचण्याची पद्धत ठाऊक नसली, की दुसरी गफलत होते. दवाखान्यातील आलेखावर सहसा पाच वक्र रेषा असतात आणि त्यांना पर्सेंटाइल किंवा शततमक रेषा म्हणतात. १५ व्या शततमकावरील मुलगी म्हणजे शंभर निरोगी समवयस्क मुलींपैकी सुमारे पंधराजणी जिच्याहून हलक्या आणि पंचाऐंशीजणी जिच्याहून वजनदार आहेत अशी मुलगी. तिला परीक्षेत १५ गुण मिळाले आहेत असा त्याचा अर्थ होत नाही. मधली, म्हणजे ५० वी रेषा ही उत्तीर्णतेची रेषा नसून तिच्या खाली निम्मी निरोगी मुले असणे हे त्या रेषेच्या व्याख्येतच आहे. प्रत्येक मुलाला मधल्या रेषेवर आणू पाहणे हे सर्व प्रौढांची उंची सारखी करू पाहण्याइतकेच निरर्थक आहे.

उदाहरणादाखल सहा महिने पूर्ण झालेल्या दोन मुली घ्याव्यात, ज्यांचे वजन आज सारखेच, ६.४ किलो, भरले आहे. पहिलीचे जन्मवजन २.८ किलो होते. दीड महिन्याच्या डोसाच्या वेळी ती ४.१, अडीच महिन्यांच्या वेळी ४.८ आणि साडेतीन महिन्यांच्या वेळी ५.४ किलो होती. दुसरीचे जन्मवजन ३.६ किलो असून त्याच तीन भेटींत तिचे वजन अनुक्रमे ५.२, ५.९ आणि ६.२ किलो नोंदले गेले. साडेतीन महिन्यांपर्यंत दुसरी प्रत्येक भेटीत वजनदार असल्याने घरच्यांनी कौतुक तिचे केले असणार आणि काळजी पहिलीची.

प्रत्यक्ष आलेख उलटेच सांगतो. पहिलीचे सर्व ठिपके जन्मापासून १५ व्या रेषेला धरून आहेत आणि साडेतीन ते सहा महिन्यांच्या काळात तिचे वजन एक किलोने, म्हणजे दिवसाला सुमारे १३ ग्रॅमने वाढले आहे, जे तिच्या रेषेला साजेसेच आहे. ती लहानखुरी आहे, पण तिची वाढ उत्तम चालली आहे आणि तिला वरचे काही देण्याची गरज सहा महिन्यांपूर्वी नव्हती. दुसरी ८५ व्या रेषेच्या जवळ सुरू होऊन साडेतीन महिन्यांना मधल्या रेषेवर आणि सहा महिन्यांना १५ व्या रेषेवर उतरली. गेल्या अडीच महिन्यांत तिची वाढ जेमतेम २०० ग्रॅम आहे आणि आलेख जवळजवळ आडवा झाला आहे. जन्मतः मोठी असलेली काही मुले पहिल्या महिन्यांत आपल्या आनुवंशिक चणीकडे सरकत एखादी रेषा ओलांडतात, हे खरे आहे. परंतु दोन रेषा ओलांडून आडवा होणारा आलेख या सवलतीत बसत नाही, म्हणून दुसरीची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

अशा आलेखामागे हृदयविकार, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा क्षयरोग असू शकतो, आणि बाळाने छातीला नीट न धरल्यामुळे दूध खरोखर कमी जात असण्याचीही शक्यता असते. तथापि अनेकदा इतिहास विचारल्यावर असे आढळते, की दूध पुरत नाही या समजुतीने वरणाचे पाणी, पेज किंवा पाणी घालून पातळ केलेले दूध सुरू झालेले असते. बाळाचे पोट पाण्याने भरते, ते छातीला कमी लागते, आणि दूध तयार होणे हे मुख्यतः ते ओढले जाण्यावर अवलंबून असल्याने आईचे दूध खरोखरच आटू लागते. ज्या भीतीने उपाय केला, ती भीती उपायच खरी करून दाखवतो, आणि मग “आम्ही म्हणत नव्हतो का” असे म्हणायला मंडळी मोकळी होतात.

काळजीचे निकष यावरून स्पष्ट होतात. दोन आठवड्यांत जन्मवजन परत न येणे, पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ग्रॅमहून कमी वाढ, कोणत्याही वयात वजन घटणे, आलेख आडवा होणे, किंवा वजन सर्वांत खालच्या, म्हणजे तिसऱ्या शततमकाच्या रेषेखाली जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांना दाखवणे लांबवू नये. अंगावर पिताना बाळाला धाप लागणे व कपाळावर घाम येणे, दिवसाला सहापेक्षा कमी वेळा लघवी होणे, किंवा बाळ मलूल राहणे ही लक्षणे असल्यास पुढच्या वजनाची वाटही पाहू नये. सहा महिन्यांनंतर दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरहून कमी भरणे हे तीव्र कुपोषणाचे लक्षण मानले जाते. दोन्ही पावलांवर सूज असेल, तर शरीरात साचलेल्या पाण्यामुळे वजन फसवे जास्त दिसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजून मगच तक्ता पाहावा.

घाबरण्यापूर्वी वजन नीट झाले आहे का, हेही पाहणे आवश्यक आहे. टांगत्या काट्यावरील लहानात लहान खूण सहसा १०० ग्रॅमची असते, भिजलेले डायपर दोनशे ग्रॅमपर्यंत भरू शकते आणि एकदा उघड्या अंगाने व एकदा झबले-टोपडे, स्वेटरसह वजन केले तर महिन्याची वाढ कागदावर सहज दुप्पट किंवा शून्य होते. वजन शक्यतो त्याच काट्यावर, काटा शून्यावर आणून आणि कपडे काढून करावे. दर दोन दिवसांनी वजन करण्याने मात्र केवळ दूध व शी-शूचा चढउतार मोजला जातो.

इतर समजुतींना फार जागा देण्याचे कारण नाही. वर्षाला वजन तिप्पट झालेच पाहिजे हा नियम नसून ढोबळ सरासरी आहे, आणि चार किलोच्या बाळाने बारा किलो गाठणे अपेक्षित नसते. दात येण्याने वजन घटत नाही. गुटगुटीतपणा हा आरोग्याचा पुरावा नव्हे. बाळगुटीने वजन वाढत नाही, आणि वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवणे बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या शक्यतेमुळे धोक्याचे आहे.

खरी उपासमार बहुधा सहा महिन्यांनंतर सुरू होते आणि तिच्याकडे मात्र सहज दुर्लक्ष होते. या वयानंतर केवळ दूध पुरत नाही आणि सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरींची गरज असते. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या फेरीत देशातील ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी केवळ ११.३ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले. चार महिन्यांच्या बाळाला नको असताना पाजलेले तेच वरणाचे पाणी आठ महिन्यांच्या बाळाला, जेव्हा तूप घातलेला घट्ट वरणभात हवा असतो, तेव्हाही पाजले जाते. त्यामुळे डब्याचे दूध आणण्यापूर्वी कार्डावरील शेवटचे तीन ठिपके जोडून रेषेची दिशा पाहावी आणि शंका राहिल्यास ते कार्ड घेऊनच अंगणवाडी सेविकेकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे जावे.