किती रुग्ण पुरतील?

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांकडे धूम्रपानाची चौकशी करून रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी 1950 मध्ये आपले निष्कर्ष छापले. 649 पुरुष रुग्णांत धूम्रपान न करणारे फक्त 2 निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या, इतर आजारांच्या 649 पुरुषांत असे 27 होते. म्हणजे ओढणारे आणि न ओढणारे यांचं प्रमाण रुग्णांत 647 ला 2, तर तुलनेच्या गटात 622 ला 27. पहिल्या प्रमाणाला दुसऱ्याने भागलं की 14 येतात. हाच ऑड्स रेशो.

गंमत अशी की हा सगळा निकाल न ओढणाऱ्या 29 माणसांवर उभा आहे. संबंध 14 ऐवजी 2 पट असता, तर 649 पुरलेच नसते; प्रत्येक गटात सुमारे 1,200 माणसं लागली असती. कारण त्या काळी जवळजवळ सगळेच पुरुष ओढत होते, आणि सगळेच ओढत असतील तर फरक दिसायचा कुठे?

तुलनेच्या गटात ती सवय 20 टक्के लोकांना असेल, तर हाच 2 पट संबंध शोधायला प्रत्येकी 172 पुरतात. (यात खोटा संबंध दिसण्याचा धोका 5 टक्के आणि खरा संबंध सापडण्याची शक्यता 80 टक्के धरली आहे.) सवय 2 टक्क्यांवर आली की आकडा पुन्हा 1,200 च्या वर. म्हणून आधी हे प्रमाण नीट माहीत हवं. तेच अंदाजपंचे धरलं तर पुढचं गणित फुकट.

इथेच एक हमखास चूक होते. 2 पट म्हणजे 20 चे 40 टक्के, असं वाटतं. पण दुप्पट होतात ते ऑड्स. 20 ला 80 म्हणजे पाव. त्याची दुप्पट अर्धा, म्हणजे एकाला दोन, अर्थात 33 टक्के. 40 धरून हिशेब केला तर 172 ऐवजी 82 माणसं येतात आणि अभ्यास निम्म्यावरच थांबतो.

आजार दुर्मीळ असला की 172 रुग्ण मिळणंच कठीण. मग प्रत्येक रुग्णामागे तुलनेसाठी दोन माणसं घ्यावीत. 126 रुग्णांत भागतं. चार घेतली तर 103. त्यापुढे माणसं वाढवून फारसं हाती लागत नाही.

काही जण मात्र याहून सोपी वाट धरतात. रुग्ण 64 च मिळणार, मग शोधायचा ऑड्स रेशो 3 लिहायचा; गणित चोख जुळतं! प्रत्यक्षात संबंध 2 पट असेल, तर असा अभ्यास दहापैकी सहा वेळा ‘संबंध आढळला नाही’ असंच सांगेल.