पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

सकाळी लॉगिनचं पान उघडून ठेवलं आणि जेवणानंतर पासवर्ड टाकला, तर पडद्यावर येतं: `419 Page Expired`. लाराव्हेल या चौकटीवर बांधलेल्या संकेतस्थळांचा हा ठरलेला संदेश. पासवर्ड तपासण्यापर्यंत गोष्ट गेलेलीच नसते.

पान उघडताना सर्व्हर तुमच्या नावाने एक सेशन सुरू करतो, त्यात एक गुप्त टोकन ठेवतो आणि त्याचीच प्रत फॉर्ममध्ये लपवतो. फॉर्म परत आला की दोन्ही जुळवून पाहतो. सिनेमागृहात तिकिटाचा अर्धा तुकडा जुळवावा तसं. लाराव्हेलमध्ये काही हालचाल नसेल, तर सेशन मुळात १२० मिनिटंच टिकतं. त्यानंतर सर्व्हर नवं सेशन आणि नवं टोकन बनवतो, फॉर्ममध्ये मात्र जुनंच असतं.

लॉगिनआधी हा बंदोबस्त कशाला? कारण टोकन नसेल तर भलतंच संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरकडून गुपचूप फॉर्म पाठवून तुम्हाला भामट्याच्या खात्यात शिरवू शकतं. मग तिथे भरलेला कार्ड नंबर त्याच्या हाती.

त्रुटीच्या पानावर रिफ्रेश करणं बहुधा व्यर्थ, कारण ब्राउझर तोच जुना फॉर्म पुन्हा पाठवतो. मागे जाण्याच्या बटणानेही अनेकदा जुनंच पान येतं. लॉगिनचा पत्ता नव्याने उघडावा. ताज्या पानावरही लगेच हीच त्रुटी आली, तर दोष वेळेचा नाही. ब्राउझरने कुकीज अडवल्यात का ते आधी पाहावं.