हळदीच्या दुधात मिरे टाकले, पण पोचलं किती?

सर्दी झाली की घरी हळदीचं दूध, आणि हल्ली रील बघून त्यात चिमूटभर मिरे. ‘मिऱ्यामुळे हळदीचा फायदा दोन हजार टक्क्यांनी वाढतो’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आकडा खोटा नाही, पण तो आला कुठून हे कळलं की त्याचा अर्थ बदलतो.

हळदीला पिवळा रंग देणारा घटक म्हणजे कर्क्युमिन. साधारण हळदीत तो तीन टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्या विदर्भातल्या, वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्यात तो सहा टक्क्यांपर्यंत असल्याचं सांगतात. म्हणजे चमचाभर, साधारण तीन ग्रॅम साध्या हळदीतून जेमतेम ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन पोटात जातं.

अडचण कुठे येते?

पहिली अडचण पाण्याची. कर्क्युमिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. आतड्यातला सगळा कारभार मात्र पाण्यातच चालतो, त्यामुळे बरंचसं कर्क्युमिन न शोषलं जाताच बाहेर पडतं. फोडणीतलं तेल किंवा दुधाची साय इथे थोडी मदत करते.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. जे थोडं आतड्याच्या भिंतीत शिरतं, त्याला तिथली आणि यकृतातली एन्झाइम्स लगेच ग्लुकुरोनिक आम्लाचा एक तुकडा चिकटवतात. हा तुकडा म्हणजे ‘बाहेर काढा’ असा शिक्का समजा. शिक्का बसला की पदार्थ पाण्यात विरघळू लागतो आणि पित्तातून किंवा लघवीतून निघून जातो. मोकळं कर्क्युमिन रक्तापर्यंत क्वचितच पोचतं.

मिऱ्यातलं पायपेरिन नेमकं हे शिक्का मारायचं काम मंदावतं.

तो दोन हजारचा आकडा

१९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी काही निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं. रक्तात ते जवळपास सापडलंच नाही. मग त्याच्या जोडीला २० मिलिग्रॅम पायपेरिन दिलं, तेव्हा शोषण सुमारे वीस पट झालं. हेच ते दोन हजार टक्के.

आता हिशेब करू. एक मिलिलिटर रक्तद्रवात आधी जास्तीत जास्त ०.००६ मायक्रोग्रॅम होतं, ते ०.१८ झालं. सुरुवात शून्याजवळ असली की वीस पटही थोडंच भरतं. शिवाय हा चढ पाऊण तासाच्या सुमारास आला आणि काही तासांत उतरला. प्रयोगशाळेत पेशींवर कर्क्युमिनचे जे परिणाम दिसतात, त्यात बहुतेक वेळा याच्या दहापट किंवा त्याहून जास्त मात्रा वापरलेली असते.

आणि घरचं काय? २ ग्रॅम कर्क्युमिनसाठी साध्या हळदीचे बावीसेक चमचे लागतील, वायगावची घेतली तरी अकरा. २० मिलिग्रॅम पायपेरिनसाठी मात्र आठ-दहा मिरे पुरतात. त्यामुळे कपातल्या चिमूटभर मिऱ्याला तो आकडा लावता येत नाही.

बरं वाटलं, मग श्रेय कुणाचं?

२०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या एका कोविड आरोग्य केंद्रातल्या १४० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारासोबत एका गटाला दिवसातून दोनदा ५२५ मिलिग्रॅम कर्क्युमिन आणि २.५ मिलिग्रॅम पायपेरिनची गोळी दिली, दुसऱ्याला प्रोबायोटिक. पहिल्या गटाची लक्षणं लवकर कमी झाली. पण ‘नुसतं कर्क्युमिन’ घेणारा तिसरा गट नव्हता. त्यामुळे फरक पडला तो मिऱ्यामुळे का, हे या चाचणीतून कळू शकत नाही. कॅप्सूलच्या जाहिरातीत ‘क्लिनिकली टेस्टेड’ दिसलं की हाच प्रश्न विचारा: तुलना कशाशी केली होती?

मिरे फक्त हळदीलाच मदत करत नाहीत

पायपेरिन औषधांची विल्हेवाट लावणारी एन्झाइम्सही अडवतं. फिट्सवरचं फेनिटॉइन, दम्यावरचं थिओफिलिन, रक्तदाबावरचं प्रोप्रानोलॉल यांची रक्तातली पातळी त्याने वाढल्याचं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. फेनिटॉइनची पातळी थोडी वर गेली तरी चक्कर येते, तोल जातो. अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंट्समुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यातला एक दगावला. काहींच्या गोळ्यांत पायपेरिनही सापडलं.

भाजीतली हळद आणि मिरे यांची ही गोष्ट नाही, ते खुशाल खा. जपायचं ते जिमच्या मित्राने सुचवलेल्या ‘९५ टक्के कर्क्युमिन विथ पायपेरिन’ डब्याला. रोजचं कुठलं औषध चालू असेल, तर तो उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि गोळ्या सुरू केल्यावर लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा भूकच मेली, तर गोळ्या बंद करून यकृताची तपासणी करून घ्या.