एका स्लाइडवर मावणारा प्रोग्राम

इन्स्टाग्रामवर एकाच पोस्टमध्ये बोटाने सरकवत जायच्या चित्रांना कॅरोसेल म्हणतात. 2017 मध्ये ही सोय आली तेव्हा एका पोस्टमध्ये दहा चित्रं बसत. 2024 मध्ये ही मर्यादा वीसवर गेली. प्रोग्रामिंग शिकवणाऱ्यांना हा प्रकार आवडला नसता तरच नवल. एका स्लाइडवर एकच संकल्पना, सोबत तीन-चार ओळींचा पायथॉन, की झालं. पण यातले बरेचसे कॅरोसेल पहिल्याच खऱ्या स्लाइडला अडखळतात, आणि ती स्लाइड असते व्हेरिएबलची.

तिथे हमखास एक डबा काढलेला असतो. डब्यावर नावाची चिठ्ठी, आत एक आकडा. चित्र वाईट नाही, पण ते फार लवकर संपतं. `b = a` असं लिहिलं, तर डब्याच्या हिशेबाने a मधली वस्तू b मध्ये गेली आणि a रिकामा झाला. प्रत्यक्षात a मध्ये जे होतं ते तसंच राहतं. म्हणून डबा काढायचा असेल तर काढावा, पण स्लाइडचा भार त्याच्यावर टाकू नये. भार टाकावा तो अशा तीन ओळींवर:

```
dar = 40
dar = dar + 5
print(dar)
```

वांग्याचा दर 40 रुपये होता, पाच रुपयांनी वाढला. छापून येतं 45. पण शाळेतल्या गणिताच्या डोळ्यांनी दुसरी ओळ वाचली तर ती सरळसरळ खोटी आहे. कुठलीही संख्या स्वतःपेक्षा पाचने मोठी नसते. नवखा वाचक थबकतो तो इथेच. हे बरोबरीचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने 1557 मध्ये छापलं, ते दोन्ही बाजू सारख्या आहेत हे दाखवण्यासाठी. चारशे वर्षांनी, 1957 मध्ये आलेल्या फोरट्रान भाषेने तेच चिन्ह वेगळ्या कामाला लावलं: उजवीकडचा हिशेब आधी कर आणि उत्तराला डावीकडचं नाव दे. अल्गोल आणि पास्कल यांनी गोंधळ टाळायला `:=` वापरलं होतं, पण पायथॉन फोरट्रानच्या वाटेने गेला. तेव्हा स्लाइडवर एखादं वाक्य लिहायचंच असेल तर ते एवढंच असावं: आधी उजवी बाजू वाचा.

हे समजलं की नाही ते कसं ओळखायचं? माझ्या मते व्हेरिएबलची खरी परीक्षा पुढच्या स्लाइडवर घ्यावी:

```
dar = 40
bill = dar * 3
dar = 50
print(bill)
```

तीन किलो वांग्यांचं बिल किती? एक्सेलमध्ये आकडेमोड करणारी माणसं 150 म्हणतात, आणि त्यांचंही चूक नाही. एक्सेलमध्ये दराचा चौकोन बदलला की बिलाचा चौकोन आपोआप बदलतो. पायथॉन मात्र 120 छापतो. दुसरी ओळ चालली त्या क्षणी दर 40 होता, गुणाकार झाला आणि 120 या उत्तराला bill हे नाव मिळालं. ते 120 कुठून आले, याची आठवण कुठेच ठेवलेली नसते. नंतर दर बदलला तरी बिलाला त्याचा पत्ता नसतो. नवं बिल हवं असेल तर गुणाकाराची ओळ पुन्हा चालवावी लागते. प्रोग्राम वरून खाली, एकेक ओळ करत चालतो, ही गोष्ट वेगळी स्लाइड न करता इथे आपसूक कळते.

अशा स्लाइडवर उत्तर छापू नये, ते पुढच्या स्लाइडवर ठेवावं. कॅरोसेलची खरी सोय हीच आहे. बोट सरकवायच्या आधी वाचक मनात एक आकडा धरतो, आणि तो चुकला तर मागे येऊन ओळी पुन्हा वाचतो. उत्तर तिथेच दिसलं तर कोणी हिशेब करत बसत नाही.

आता लूप. यासाठी सातचा पाढा उत्तम, कारण उत्तर काय यायला हवं ते वाचकाला तोंडपाठ असतं:

```
for i in range(1, 10):
    print(7 * i)
```

ही स्लाइड मुद्दाम अशीच द्यावी. यंत्र 7 पासून 63 पर्यंत छापतं आणि थांबतं. सात दाहे सत्तर गायब! `range` सुरुवातीचा आकडा धरतो, शेवटचा सोडतो. दहापर्यंत जायचं तर `range(1, 11)` लिहावं लागतं. हा कोणाचा विक्षिप्तपणा नाही. शेवटचा आकडा सोडला की `range(0, 10)` मध्ये बरोबर दहा फेऱ्या होतात, एकातून दुसरा वजा केला की फेऱ्यांची संख्या मिळते. डच संगणकतज्ज्ञ डाइक्स्ट्रा यांनी 1982 मध्ये याच पद्धतीची बाजू एका टिपणात मांडली होती. पण नवख्याला हे कारण नंतर सांगितलं तरी चालेल; आधी त्याला सत्तर हरवलेले दिसू द्यावेत.

थोडं मांडणीबद्दल. स्लाइड 1080 पिक्सेल रुंद असते. दोन्हीकडे 80 सोडले तर 920 उरतात. कोडसाठी सर्व अक्षरं सारख्या रुंदीची असलेला फाँट लागतो, आणि 48 पिक्सेलच्या अशा फाँटचं एक अक्षर साधारण 29 पिक्सेल जागा घेतं. म्हणजे एका ओळीत जेमतेम 31 अक्षरं. याहून फाँट लहान केला तर फोनवर वाचवत नाही. ओळ लांबली तर ती मधूनच तुटते, आणि पायथॉनमध्ये ओळ कुठे तुटते आणि डावीकडे किती जागा सुटते यालाच अर्थ असतो. चित्रातलं कोड उचलून घेता येत नाही, वाचक ते पाहून टाइप करतो. डिझाइनच्या अ‍ॅपने सरळ अवतरणचिन्हं वळणदार केली असतील आणि त्याने ती तशीच उतरवली, तर `SyntaxError` येतो. चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बिचारा तासभर शोधत बसतो. मराठी वाचकासाठी आणखी एक: पायथॉन 3 मध्ये व्हेरिएबलचं नाव `दर` असं देवनागरीत चालतं, पण `दर = ४०` चालत नाही. आकडे 40 असेच हवेत.

एक संकल्पना, एक स्लाइड हा नियम मोडतो तो व्हेरिएबल आणि लूप एकत्र येतात तिथे. पाढ्यातल्या दहा आकड्यांची बेरीज करू:

```
ekun = 0
for i in range(1, 11):
    ekun = ekun + 7 * i
print(ekun)
```

इथे एक स्लाइड पुरत नाही. दुसऱ्या स्लाइडवर फेऱ्या मांडाव्यात: i एक असताना ekun 7, दोन असताना 21, तीन असताना 42, आणि असं करत दहाव्या फेरीला 385. शेवटचं `print` चार स्पेस आत सरकलं तर 385 च्या आधी आणखी नऊ आकडे छापले जातात. आणि उत्तर 385 ऐवजी 70 आलं, तर `ekun = 0` ही ओळ लूपच्या आत गेली आहे. दर फेरीला बेरीज पुसली जाते आणि हाती उरतात ते शेवटच्या फेरीचे सत्तर.